प्लग काढायचे, पण रात्रीपासून सुरुवात करून

*मी ३६ वर्षांची, राहायला कर्वेनगरला. सात वर्षं पथकात ताशा वाजवते. गेल्या अनंत चतुर्दशीला मिरवणुकीत दहा तास होते. नंतर चार दिवस कानात सूंऽऽ आवाज येत होता, तो थांबला, पण बाकीचे आवाज सोसेनासे झाले. ताटात वाटी आपटली, कुकरची शिट्टी झाली, बसचा ब्रेक करकरला की कानात सुई खुपसल्यासारखं होतं आणि मग अर्धा तास चुरचुरतं. दोन्ही कानांत. ऑडिओग्राम नॉर्मल आला. सासूबाईंना हे नाटक वाटतं. आता मी फोमचे प्लग घालूनच वावरते, झोपतानाही, म्हणजे दिवसाचे अठरा तास तरी. आधी फक्त भांडी टोचायची, आता पंखा आणि वर्तमानपत्राची घडीसुद्धा टोचते. घरात सगळे कुजबुजत बोलतात. कुणी साउंड थेरपी सुचवली. आवाजाचाच त्रास, त्यावर आवाजाचाच उपचार कसा? प्लग काढू का? आणि यंदा ताशा?*

प्लग काढायचे आहेत, पण उद्या सकाळी एकदम नाही. ते कुठून आणि किती वेगाने काढायचे हाच या उपचाराचा गाभा आहे, म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्यावरच खर्च करतो.

तुमच्या पत्रातलं आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं वाक्य पंख्याचं आहे. मिरवणुकीने कानाला इजा केली असेल तर ती त्या दिवशीच झाली. पंखा त्यानंतर काही महिन्यांनी टोचायला लागला. मधल्या काळात नवीन एकच गोष्ट घडली होती, ती म्हणजे प्लग.

मंडपातल्या साउंडवाल्याला तुम्ही कितीतरी वेळा पाहिलं असेल. निवेदक माइकपासून दूर सरकला की आवाज पडतो आणि साउंडवाला गेन वाढवतो. मग निवेदक पुन्हा माइकशी येऊन नुसता खाकरला तरी स्पीकर किंचाळतो. माइक बिघडलेला नसतो, खाकरणंही मोठं नसतं, गेन वर राहिलेला असतो. कानाच्या नसेकडून मेंदूकडे येणारा आवाज कमी झाला की मेंदू अगदी हेच करतो. मोठ्या आवाजाने अंतर्कर्णातल्या काही पेशी किंवा नसेचे काही तंतू थकले, तर येणारा संदेश कमी होतो आणि गेन थोडा वाढतो. तुमच्या बाबतीत पहिली पायरी बहुधा अशी चढली गेली. त्यावर फोमचा प्लग आला. नीट बसलेला फोमचा प्लग वीस-पंचवीस डेसिबेल आवाज सहज अडवतो. तो दिवसाचे अठरा तास राहिला, तेव्हा मेंदूने गेन आणखी वर नेला. मग प्लग काढल्यावर वर्तमानपत्रही टोचणार आणि तुम्ही प्लग पुन्हा घालणार.

हा नुसता तर्क नाही. क्रेग फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकू नीट येणाऱ्या माणसांना दोन आठवडे कानात प्लग घालायला दिले, आणि दोन आठवडे कानात मंद सुरसुर सोडणारं छोटं यंत्र दिलं. प्लगनंतर त्यांना तोच आवाज पहिल्यापेक्षा मोठा वाटू लागला, सुरसुरीनंतर लहान. दोन्ही दिशांनी फरक पडला, आणि तोही कानाचा काही आजार नसताना. आवाजावर आवाजाचा उपचार कसा, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. थेरपीतला आवाज सहनशक्ती वाढावी म्हणून कानावर मारायचा नसतो. मेंदूला दिवसभर थोडं थोडं ऐकायला मिळत राहिलं की त्याला गेन वर ठेवायचं कारण उरत नाही.

ऑडिओग्राम नॉर्मल का आला, तेही सांगून टाकतो, म्हणजे सासूबाईंना दाखवता येईल. ऑडिओग्राम तुम्हाला ऐकू येणारा *सगळ्यात लहान* आवाज मोजतो. तुमची तक्रार दुसऱ्या टोकाची आहे. त्या टोकाची मोजणी वेगळी असते. तीत प्रत्येक कानाला वेगवेगळ्या पट्टीचे सूर हळूहळू वाढवत ऐकवतात आणि नकोसं वाटू लागतं ती पातळी नोंदवतात. बहुतेकांची ही पातळी ९० ते १०० डेसिबेलच्या आसपास येते. हायपरअक्यूसिसमध्ये ती खाली घसरते, साठ-सत्तरवरही येऊ शकते. हायपरअक्यूसिस म्हणजे रोजचे आवाज सोसवत नाहीत इतके मोठे किंवा दुखरे वाटणं. हे खरंखुरं निदान आहे आणि ऑडिओग्राम नॉर्मल असूनही होतं.

ही मोजणी करून घ्या, पण तिथे जाताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या. पहिली म्हणजे, आवाज अगदी खालून सुरू करून पाच-पाच डेसिबेलने वाढवायचा आणि तुम्ही हात वर करताच थांबायचं. ही सहनशक्तीची परीक्षा नाही. “हा आवाज मला थोडा वेळही ऐकवणार नाही” असं वाटलं की हात वर, दात-ओठ खाऊन सोसायचं नाही. दुसरी, कानाच्या पडद्याच्या तपासणीत ‘रिफ्लेक्स’ नावाचा एक भाग असतो. त्यात शंभर डेसिबेलपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढचे सूर कानात सोडतात. पडद्याची बाकीची तपासणी करून घ्या, एवढा भाग पहिल्या भेटीत नको म्हणा. तिसरी गोष्ट मळाची. इतके महिने प्लग घालणाऱ्यांचा मळ आत ढकलला जाऊन घट्ट बसतो, आणि पावसाळ्यात बंद कानात बुरशी धरते. कान साफ करावाच लागेल, पण सक्शनची नळी कानात मोठा आवाज करते. डॉक्टरांना त्रास आधी सांगितला तर ते मळ मऊ करून हत्याराने काढू शकतात. यातलं काहीही सांगायचं राहिलं की पेशंट तपासणीहूनच कान धरून परततो आणि पुढचे तीन-चार आठवडे कुठलीच भेट घेत नाही.

आणखी काही गोष्टी डॉक्टरांनी पाहिल्यात ना, ते विचारा. अर्धशिशी आहे का, चेहऱ्याची एक बाजू कधी वाकडी झाली होती का, मोठ्या आवाजाने चक्कर येते का, स्वतःच्या पावलांचा किंवा बुबुळं हलल्याचा आवाज कानात येतो का. यांतलं काही असेल तर उपचाराची वाट वेगळी होते. एका कानाने अचानक कमी ऐकू आलं तर मात्र भेटीची तारीख मिळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा विभाग गाठा, त्यात दिवस महत्त्वाचे असतात.

आता प्रत्यक्ष आवाज.

घरी सुरू करायला महागडं काही लागत नाही. एक छोटा स्पीकर आणि अखंड, चढउतार नसलेली सुरसुर एवढं पुरतं. फोनवर ‘पिंक नॉइज’ किंवा ‘ब्राउन नॉइज’ नावाने ती मिळते. ‘व्हाइट नॉइज’ने सुरुवात करू नका. त्यात वरच्या पट्टीचा भाग जास्त असतो, तो फसफसतो, आणि तुम्हाला टोचणारे स्टीलचे, ब्रेकचे, कागदाचे आवाज त्याच पट्टीतले आहेत. पिंकमध्ये वरची पट्टी उतरती असते, ब्राउनमध्ये आणखी उतरती, लांबून येणाऱ्या धबधब्यासारखी. संततधार पावसाचं रेकॉर्डिंगही चालेल, मात्र त्यात विजांचा कडकडाट नको. गाणी मात्र नकोत, बासरीसुद्धा नको. गाणं वर-खाली होतं, शब्द असतात, लक्ष वेधून घेतं, आणि आपल्याला हवाय तो आवाज लक्षातून निसटणारा.

पातळी कशी ठरवायची, यात बहुतेक जण चुकतात. स्पीकर खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, साधारण चार मीटरवर ठेवा. प्लग काढा. आवाज शून्यापासून वाढवत जेमतेम ऐकू येईल इथे थांबवा. मग हातात काहीतरी काम घ्या, भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. पाच मिनिटांनी आवाज आहे हे विसरलात तर पातळी बरोबर. अजून कान तिकडेच लागला असेल तर एक पायरी खाली. त्या आवाजात घरच्यांशी बोलताना स्वर चढवावा लागला, तर ती पातळी केव्हाच ओलांडलीत. पहिल्या आठवड्यात वीस-वीस मिनिटं दिवसातून चारदा पुरे. मग अर्धा तास, तास असं वाढवत दीड-दोन महिन्यांत दिवसातले सहा ते आठ तास, आणि रात्री उशाशी नाही तर खोलीच्या कोपऱ्यात.

आधी वेळ वाढवायचा, आवाज नंतर. वाढवतानाही फोनचं बटण वापरू नका. त्याची एक पायरी कधी कधी नाजूक कानांना फार मोठी होते. त्यापेक्षा स्पीकर जवळ आणा. चार मीटरवरून तीनवर आणलात की मोकळ्या जागेच्या हिशोबाने अडीच डेसिबेल वाढतात, भिंती असलेल्या खोलीत त्याहून कमी. एवढी बारीक वाढ बटणाने मिळत नाही. एक वाढ केली की निदान आठवडाभर तिथेच राहायचं.

स्पीकरची मर्यादा अशी की तुम्ही खोलीबाहेर गेलात की उपचार थांबला. म्हणून त्रास जुना किंवा फार असेल तेव्हा ऑडिओलॉजिस्ट कानामागे घालायचं सुरसुरीचं यंत्र देतात, दिसायला श्रवणयंत्रासारखं. काही श्रवणयंत्रांतही ही सोय असते. ते घ्यायची वेळ आली तर दोन्ही कानांना घ्या, आणि कानाचं भोक मोकळं ठेवणारंच घ्या. भोक बंद करणारी टोपी लावली तर ते यंत्र म्हणजे सुरसुर करणारा प्लगच. आवाज रद्द करणारे हेडफोनही याच कारणासाठी टाळा. ते घातले की तुम्ही पुन्हा शांततेत जाऊन बसता.

सुरसुरीची सवय चार-पाच दिवस लागली की प्लगला हात घालायचा. आधी आठवडाभर फक्त लिहून ठेवा, कुठल्या वेळी, कुठे, कशासाठी घातले. अठरा तासांचा हिशोब असा मांडला की बहुतेक वेळा दिसतं, यातले दहा-बारा तास घरात कुठलाच मोठा आवाज नव्हता. प्लग ‘कदाचित येईल’ म्हणून घातला होता. सुटायला सगळ्यात सोपे तास तेच. त्यातही रात्रीपासून सुरू करा. दार लावून, कोपऱ्यात ब्राउन नॉइज मंद लावून, प्लग उशीजवळ ठेवायचे, कानात नाही. पहिल्या दोन-तीन रात्री झोप उसवेल. आठवडा-दीड आठवड्यात ती बसली की दुपारचे शांत तास मोकळे करा. मग बैठकीची खोली, मग सोसायटीतला फेरफटका, आणि स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी. साधारण दोन आठवड्यांत दोन ते तीन तास कमी झाले तर तो चांगला वेग आहे. म्हणजे अठरावरून दोनवर यायला अंदाजे तीन महिने.

मधल्या टप्प्यात स्वयंपाकघर आणि रस्ता यांसाठी फोमऐवजी वादकांचे फिल्टरवाले प्लग घ्या. फोम वरची पट्टी जास्त अडवतो, त्यामुळे जग बोळा घातल्यासारखं होतं आणि तो काढल्यावर फरक फार जाणवतो. फिल्टरवाले सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्या उतरवतात. त्यांत १५ डेसिबेलचे आणि ९ डेसिबेलचे मिळतात. आधी पंधरा, काही आठवड्यांनी नऊ, मग काहीच नाही. अशा उतरत्या पायऱ्या मेंदूलाही कळतात.

इथपर्यंतचं काम गेनचं झालं. पण अर्धा तास चुरचुरण्याचा आणखी एक धागा आहे, तो आवाजाने सुटत नाही, समुपदेशनाने सुटतो. मधल्या कानात पडदा ताणणारा एक इवलासा स्नायू असतो. त्याची नस आणि जबड्याच्या चावायच्या स्नायूंची नस एकाच मोठ्या नसेच्या फांद्या. माणूस दचकतो किंवा आवाजाची धास्ती घेऊन बसतो तेव्हा तो स्नायू आखडू शकतो. कान भरल्यासारखा वाटणं, आत फडफडणं, आवाज गेल्यावरही दुखत राहणं, हे बऱ्याचदा यातून येतं. म्हणजे कुकरची शिट्टी *होण्याआधीच* तुमचं दुखणं सुरू झालेलं असतं. शेगडीवर कुकर चढला की दात आवळले जातात की नाही, एकदा लक्ष देऊन पाहा. आवळले जात असतील तर ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ वरच्या दातांमागे टेकलेली, ही जबड्याची मोकळी ठेवण आहे. दिवसातून दहा-पंधरा वेळा आठवून तशी ठेवा. एवढ्यानेही काहींचं चुरचुरणं कमी होतं.

समुपदेशन म्हणजे ‘तुम्ही घाबरू नका’ असं सांगणं नव्हे, आणि तुम्हाला वेडं ठरवणंही नव्हे. यात वापरतात ती पद्धत विचार आणि वागणूक बदलण्याची आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी तिला सीबीटी म्हणतात. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासात हायपरअक्यूसिसच्या साठ रुग्णांवर ती तपासली होती. सहा बैठकांनंतर आवाज सोसण्याची पातळी आणि रोजचं जगणं, दोन्ही सुधारलं. बैठकांत काय होतं, ते तुमच्याच उदाहरणाने दाखवतो.

आधी आवाजांची यादी करून प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. समजा वर्तमानपत्र तीन, वाटी सहा, कुकर आठ, बसचा ब्रेक नऊ. काम वर्तमानपत्राने सुरू होईल, पण वाटीचं सांगतो, कारण ती चांगली समजते. स्टीलची वाटी ओट्यावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. लाकडी उलथन्याने तुम्ही स्वतः हलकेच टिचकी मारा. आवाज तुमच्या हातात आहे, कधी येणार ते ठाऊक आहे, किती मोठा तेही. अशा आवाजाला मेंदू दचकत नाही. टिचकी मारण्याआधी वहीत लिहा, काय होईल असं वाटतं. “सहा दुखेल, अर्धा तास टिकेल.” मग दहा टिचक्या, मध्ये श्वास सोडायला वेळ ठेवून. नंतर लिहा, प्रत्यक्षात किती दुखलं आणि किती मिनिटं. भाकीत आणि वास्तव यांतली तफावत हेच या वहीतलं औषध. गुण निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं, सगळ्यात त्रास होत असताना पळायचं नाही. पळालं की मेंदू शिकतो, “वाचलो, म्हणजे धोका होताच.”

चार-पाच दिवसांनी टॉवेल काढा. मग लाकडाऐवजी चमचा. मग वाटी ताटात. मग चमचा सासूबाईंच्या हातात द्या, तुम्ही समोर उभ्या. मग त्यांनी सांगून मारायचं पण तुम्ही पाठमोऱ्या. शेवटी न सांगता. डेसिबेल प्रत्येक पायरीला फारसे वाढत नाहीत, ताबा मात्र हातातून थोडा थोडा सुटत जातो, आणि खरी अवघड गोष्ट तीच असते. (आणखी एक फायदा असा की वही पाहिल्यावर नाटकाचा आरोप सहसा मागे पडतो.)

इथे एक इशारा हवा. तुमच्या तक्रारीत नुसता मोठेपणा नाही, दुखणंही आहे, आणि दुखणाऱ्यांची चाल सावकाश ठेवावी लागते. सरावानंतरची चुरचुर तासाभरात विरली तर ठीक, पायरी तीच ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळीही कान ठणकत असेल किंवा भाजल्यासारखा वाटत असेल, तर पायरी मोठी पडली. दोन-तीन दिवस एक पायरी खाली या, सुरसुरीचा आवाज एक टप्पा कमी करा, पण ती बंद करू नका आणि अठरा तासांच्या प्लगकडे परतू नका. ज्यांना साध्या आवाजानंतर दिवसेंदिवस भाजतं त्यांना ही पद्धत कमी लागू पडते, काहींना पडतच नाही. अशांनी घरच्या घरी प्रयोग वाढवू नयेत, ऑडिओलॉजिस्टच्या नजरेखालीच करावेत.

घरच्यांचं कुजबुजणं आजपासून बंद करायला सांगा. शांत घर हा सगळ्या खोलीला घातलेला प्लग आहे. त्यांनी ओरडू नये, भांडी आदळू नयेत, पण बोलावं नेहमीच्या आवाजात. पहिले दोन महिने “शिट्टी होतेय” असं आधी सांगितलं तर बरं, नंतर तेही सोडायचं. भांड्यांच्या मांडणीत रबरी जाळी टाकायला हरकत नाही, ती कुणाच्याही घरात शोभते. स्टील काढून सगळं प्लास्टिक आणायचा बेत मात्र नको.

सुधारणा कशी ओळखायची? रोजच्या बऱ्या-वाईट दिवसांवरून नाही. सर्दी, जागरण, पाळीचे दिवस, अर्धशिशी, यांनी कान चार दिवस मागे जातातच. दोन आकडे पाहा. एक, आठवड्याचे प्लगचे एकूण तास. दुसरा, तीन महिन्यांनी पुन्हा केलेली ती मोजणी. समजा पहिल्यांदा ७० डेसिबेल आली होती आणि आता ७८-८० आली, तर गेन खाली येतोय. पहिल्या तीन-चार आठवड्यांत काहीच फरक जाणवत नाही म्हणून बरेच जण सोडून देतात. अर्थपूर्ण फरकाला तीन ते सहा महिने, स्थिर व्हायला वर्ष-दीड वर्षही लागतं. तीन महिन्यांत दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत तर बहुधा सुरसुर फार मोठी तरी आहे किंवा फार थोडा वेळ तरी चालते, ते तपासून घ्या.

पुण्यात ऑडिओलॉजिस्ट पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचा दिवस श्रवणयंत्रं बसवण्यात जातो. भेट ठरवताना फोनवरच विचारा, आवाज नकोसा वाटण्याची पातळी मोजता का, सुरसुरीचं यंत्र उघड्या भोकाचं देता का, आणि समुपदेशक सोबत आहे का. पहिल्या दोन प्रश्नांना सरळ ‘हो’ मिळायला हवं. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तीही पाहा. भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं महाविद्यालय शहरातच आहे, तिथेही चौकशी करता येईल.

ताशाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. यंदा नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी तज्ज्ञ जो हिशोब धरतात तो असा: ८५ डेसिबेल आठ तास चालतं, आणि पुढे दर तीन डेसिबेलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटं. पथकाच्या मधोमध शंभरच्या वर काटा सहज जातो, आणि ताशाची थाप नेमकी वरच्या पट्टीत कडाडते. दहा तासांत दिवसाचा कोटा कितीदा संपला ते तुम्हीच मोजा. पुढच्या वर्षी मोजणी नव्वदच्या घरात स्थिर असेल तर २५ डेसिबेलचे वादकांचे प्लग घालून, कमी वेळ, पाळीपाळीने विचार करता येईल, आणि तेव्हा तुमच्या शेजारच्या धडधाकट वादकाच्या कानातही ते असायला हवेत.

प्लग फेकून द्यायचे नाहीत, ते याचसाठी ठेवायचे. मिरवणूक, फटाके, शेजारचं ड्रिल, स्लॅब फोडणं, इथे ते घालाच, आणि आवाज संपला की पाच मिनिटांत काढा. वाटीसाठी घालू नका. पर्समध्ये डबी असू दे, पण ती उघडली की वहीत वेळ लिहायची, उघडली तेव्हाची आणि मिटली तेव्हाची.